कुशीवर झोपणाऱ्यांचे इअरबड्स: आधी टिप, मग आवाज, मग बॅटरी

प्रश्न: मी डाव्या कुशीवरच झोपते. घर भांडुपला रुळांजवळ, त्यात नवरा घोरतो. साधे इअरबड्स लावून पावसाचा आवाज ऐकत झोपते, पण पहाटे डावा कान ठणकतो आणि तीन-साडेतीनला ‘बॅटरी लो’ ऐकून जाग येते. चपटे बड्स घ्यावेत का? बॅटरी किती तासांची बघू? आणि रात्रभर आवाज किती ठेवला तर कानाला धोका नाही?

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. गेली एकोणीस वर्षं मुलुंडला श्रवणयंत्रं बसवते, त्यामुळे कानात घालायची वस्तू कुठे टोचते आणि कुठून आवाज गळतो, हे बघणं हेच माझं रोजचं काम. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात, पण माझ्या अनुभवात या तिन्हींचं मूळ बहुधा एकच असतं: बडच्या टोकाची रबरी टिप कानात बसते कशी. टिप गळकी असली की बाहेरचा गोंगाट आत येतो, तो झाकायला आपण आवाज वाढवतो, आवाज वाढला की बॅटरी लवकर उतरते. म्हणून नवीन वस्तू घेण्याआधी दुखणं नेमकं कुठलं आहे ते ओळखू या.

सकाळी उठल्यावर बड काढा आणि बोटाने हलके दाबून बघा. कानाच्या भोकाच्या तोंडाशी, आतल्या बाजूला दुखत असेल, खाज किंवा चुरचुर असेल, तर टिप मोठी आहे. भोकाबाहेर जी वाटीसारखी खोलगट जागा असते तिथे दुखत असेल, तर बडचं धड जाड आहे आणि उशी ते आत रेटते. कानाच्या वरच्या कडेवर एकाच ठिकाणी दुखत असेल आणि तिथे छोटी कडक गाठ किंवा खपली लागत असेल, तर दोष बडचा नसून उशीचाच असण्याची शक्यता जास्त. वर्षानुवर्षं एकाच कुशीवर झोपणाऱ्यांना हा त्रास होतो. तिथे कातडी आणि कूर्चा यांच्यामध्ये चरबीचा थर जवळजवळ नसतो आणि चार-पाच किलोच्या डोक्याचं ओझं रात्रभर त्या कडेवर पडतं. अशी खपली महिन्याभरात गेली नाही तर कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. बड बदलून ती जाणार नाही. मध्ये भोक असलेली उशी मात्र बऱ्याच जणांना उपयोगी पडते.

धड जाड आहे का, हे बघायला मी पेशंटला एटीएम कार्डाची युक्ती सांगते. बड नेहमीसारखा घाला, आरशासमोर उभ्या राहा आणि कार्ड कानावर आडवं ठेवून उशी दाबेल तितपत हलके दाबा. कार्ड कानाची मागची कड आणि पुढचा गाल यांवर सपाट बसलं तर ठीक. ते बडवर टेकून शिडीच्या फळीसारखं डुगडुगलं, तर कुशीवर झोपल्यावर सगळा भार त्या टेकलेल्या जागेवर येणार. दांडीवाले बड्स या परीक्षेत बहुतेक नापास होतात. शिवाय दांडी उशीत अडकली की तरफेसारखी फिरते आणि टिप भोकातून उचकटते. झोपण्यासाठी केलेल्या चपट्या बड्सचा खरा फायदा इथे आहे: त्यांचं धड वाटीच्या आत मावतं. पण वाटीचा आकार माणसागणिक वेगळा असतो. माझ्याकडे साच्यासाठी येणाऱ्यांत दोन्ही कान सारखे असलेली माणसं कमीच. लहान, उथळ वाटी असलेल्या बाईच्या कानात ‘चपटा’ म्हणून विकलेला बडही बाहेर डोकावतो. म्हणून डब्यावरचं नाव वाचून ठरवू नका. आणि कानात घालायची वस्तू बरेच दुकानदार उघडल्यावर परत घेत नाहीत, ते आधी विचारून घ्या.

पैसे खर्च करण्याआधी एक आठवडा फोमचे साधे इअरप्लग वापरून बघा, असं मी सगळ्यांनाच सांगते. औषधाच्या दुकानात मिळतात, फार महाग नसतात. बोटांत लाटून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. बहुतेक लोक शेवटचं करत नाहीत, प्लग अर्धवट बाहेर राहतो आणि मग ‘काही उपयोग नाही’ म्हणतात. नुसत्या प्लगने झोप लागली, तर तुम्हाला आवाज बंद व्हायला हवा होता, पाऊस नको होता. मग ना बॅटरीचा प्रश्न, ना आवाजाच्या पातळीचा. त्या शांततेत स्वतःचा श्वास आणि कानातली शीळ ऐकू येऊन अस्वस्थ वाटलं, तर मात्र तुम्हाला हलका आवाज लागतो आणि बड्सचा खर्च सार्थ आहे.

आता टिपकडे. डब्यात टिपचे तीन-चार आकार येतात आणि बहुतेक लोक मधला लावून मोकळे होतात. दोन्ही कानांना वेगळा आकार लागू शकतो, हे डोक्यात येतच नाही. बसली की नाही हे बघायला गाणं बंद ठेवून तोंड मिटून ‘म्म्म’ असा हुंकार द्या. टिप नीट बसली असेल तर स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, मडक्यात बोलल्यासारखा. एका कानात घुमला आणि दुसऱ्यात नाही, तर दुसरा गळतोय. ही परीक्षा बसून नव्हे, उशीवर कूस घेऊन करा. जबड्याचा सांधा कानाच्या नळीला अगदी लागून असतो, आणि कुशीवर पडलं की जबडा सरकून नळीचा आकार थोडा बदलतो. बसल्यावर घट्ट असलेली टिप आडवं झाल्यावर गळायला लागते, हे मी कितीदा पाहिलंय. फोमची टिप या बदलाशी चांगली जुळवून घेते, पण ती घाम शोषते आणि काही महिन्यांत बदलावी लागते.

यामुळे किती फरक पडतो ते एका बाईंच्या गोष्टीवरून सांगते. त्यांचं घरही रुळांलगत होतं. पन्नाशीच्या, दिवसभर नोकरी, तक्रार तुमच्यासारखीच, शिवाय ‘रात्रभर ऐकून बहिरी तर होणार नाही ना?’ ही धास्ती. ऐकण्याची तपासणी केली, ती व्यवस्थित होती. मग त्यांना क्लिनिकमधल्या पलंगावर कुशीवर झोपवलं, मोबाइलवर घोरण्याचं रेकॉर्डिंग लावलं, आणि रोजच्याइतका आवाज ठेवायला सांगितलं. त्यांनी फोनवर 15 पैकी 9 घरांवर ठेवला. हुंकाराच्या परीक्षेत उजवा घुमला, डावा नाही. डाव्या कानात मधली टिप होती, ती नळीच्या वळणाला अडून बाहेर ढकलली जात होती. मोठी घातली असती तर दुखलं असतं. लहान घातल्यावर ती आत जाऊन बसली. त्याच घोरण्यावर आता त्यांना 4 घरं पुरली. बड तेच, फोन तोच, फक्त एक रबर बदललं. आठवड्याने त्यांचा फोन आला: दुखणं कमी झालंय आणि बॅटरी पहाटेपर्यंत पुरतेय.

यामागचं गणित सोपं आहे. समजा, घोरणं तुमच्या उशीपाशी 55 डेसिबल आहे. टिप गळकी असेल तर ते जवळपास तितकंच आत येतं, आणि ते झाकायला पाऊस साठीच्या आसपास न्यावा लागतो. टिप नीट बसून 20 डेसिबल अडवत असेल तर आत 35 उरतात, आणि चाळिशीतला पाऊस पुरतो. खर्ज आवाज, म्हणजे गाडीची घरघर, पंखा, घोरण्याचा जाड भाग, टिपमधून जास्त घुसतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे हलतात, पण दिशा हीच. गोंगाट उलट आवाजाने कापणारं, नॉइज कॅन्सलेशनवालं तंत्र या खर्जावर चांगलं चालतं. इंजिनाचा भोंगा किंवा अचानक उठलेल्या फुरफुरण्यावर त्याचा फारसा उपयोग नाही, आणि ते बॅटरीही खातं. झोपेसाठी मी टिपवर जास्त भरवसा ठेवते.

धोक्याच्या पातळीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचं माप असं आहे: मोठ्या माणसाला आठवड्याला 40 तास 80 डेसिबल. आवाज 3 डेसिबलने वाढला की वेळ निम्मा: 83 ला 20 तास, 86 ला 10. रोज आठ तास म्हणजे आठवड्याचे 56 तास, तेव्हा 80 वर रात्रभर ऐकणं सरळ मापाबाहेर जातं. 70 वर तेच 56 तास मर्यादेच्या सातव्या भागाच्या आत बसतात, आणि 65 वर तर चार-पाच टक्केच. झोपेला 65 सुद्धा लागू नये. टिप नीट असेल तर तुम्ही पन्नाशीच्या खालीच राहाल, आणि तिथे कानाच्या नसेला आवाजाचा धोका नाही म्हटलं तरी चालेल.

पण ही मर्यादा फक्त रात्रीची नाही, सगळ्या आठवड्याची मिळून आहे. लोकलमध्ये दाराशी उभं राहून रोज अडीच तास, सहा दिवस, गाडीच्या खडखडाटावर मात करायला आपण गाणी 86 वर नेली, तर 15 तास झाले. परवानगी 10 तासांची. म्हणजे रात्रीचा पाऊस सुरू होण्याआधीच तुमचा कोटा दीडपट संपलेला असतो. माझ्याकडे रात्रीच्या बड्सची काळजी करत येणाऱ्यांना मी आधी प्रवासाचं विचारते. दोष बहुतेक तिथे सापडतो.

घरी आवाज मोजायचं नेमकं साधन नाही. फोनवरची घरं डेसिबल सांगत नाहीत, प्रत्येक बडला ती वेगळी लागू होतात. आयफोन असेल तर `Headphone Safety` या सेटिंगमध्ये वरची मर्यादा 75 पर्यंत खाली आणता येते. ते जरूर करा, पण दुसऱ्या कंपनीच्या बड्सवर हा आकडा अंदाजच असतो. मी सांगते ती पद्धत ओबडधोबड आहे, पण चालते. नवरा झोपायच्या आधी, खोली शांत असताना, नुसता पंखा चालू ठेवून आवाज शून्यापासून वाढवत न्या. पाऊस जेमतेम ‘आहे’ असं कळलं की दोन घरं वर घ्या आणि थांबा. मग नवऱ्याला हाताच्या अंतरावरून नेहमीच्या आवाजात बोलायला सांगा. शब्द कळले नाहीत तरी तो बोलतोय हे कळायला हवं. तेही कळत नसेल तर आवाज जास्त आहे. घोरणं सुरू झाल्यावर, अर्धवट झोपेत आवाज वाढवायचा नाही. त्या वेळी आपण वैतागाने वाढवतो, गरजेने नाही, आणि सकाळपर्यंत तो तसाच राहतो. सकाळी कानात शीळ किंवा दडा बसल्यासारखं वाटलं तर रात्रीचा आवाज नक्की जास्त होता.

पाऊस व्हिडिओ ॲपवरून लावत असाल तर ते बंद करा. मध्यरात्री जाहिरात लागते ती पावसापेक्षा कितीतरी मोठ्याने. फाइल उतरवून घ्या, फोन विमान मोडवर टाकून ब्लूटूथ तेवढं चालू करा, म्हणजे कॉल आणि मेसेजची टिंगटिंगही कानात शिरणार नाही. बडचं टच कंट्रोल ॲपमधून बंद करा. उशीने दाबून आवाज आपोआप वाढल्याच्या तक्रारी मी ऐकल्या आहेत.

आता बॅटरी. चपटा बड म्हणजे छोटी जागा, छोटी जागा म्हणजे छोटा सेल, यातून कोणालाच सुटका नाही. बोस कंपनीने 2018 मध्ये झोपेसाठी खास बड्स काढले होते. पूर्ण चार्ज न होण्याच्या आणि मध्येच बंद पडण्याच्या तक्रारींमुळे 2019 मध्ये ते विक्रीतून काढून पैसे परत करावे लागले. म्हणून डब्यावर ‘केससह 40 तास’ लिहिलेलं असतं ते बघूच नका. केस तुमच्या कानात नसते. ‘एका चार्जमध्ये बड किती तास’ तेवढंच बघा, आणि तो आकडा कशावरचा ते विचारा. काही झोपेच्या बड्समध्ये पावसासारखे आवाज बडच्याच मेमरीत साठवलेले असतात. तेव्हा फोनशी सतत ब्लूटूथ चालू लागत नाही आणि बॅटरी बरीच जास्त टिकते. साउंडकोअरच्या स्लीप ए20 बद्दल कंपनीचा दावा साठवलेल्या आवाजावर 14 तास आणि ब्लूटूथवर 10 तास असा आहे. एकाच बडमध्ये एवढी तफावत, म्हणून कुठला आकडा वाचतोय ते महत्त्वाचं.

तुमची गरज अशी मांडा. झोप साडेसात तास. सेल रोज रिकामा-भरा होत गेला की साधारण तीनशे ते पाचशे वेळांनंतर त्याची ताकद ऐंशी टक्क्यांवर येते, म्हणजे तुमच्यासाठी वर्ष-दीड वर्ष. साडेसात तास दीड वर्षानंतरही पुरायला हवेत तर आज साडेनऊ-दहा तासांचा बड हवा, तोही तुम्ही वापरणार त्या पद्धतीवरचा. सहा तासांचा घेतलात तर पहिल्याच महिन्यात ‘बॅटरी लो’ची बाई तीन वाजता उठवणार. ती सूचना बऱ्याच बड्समध्ये बंद करता येत नाही, घेण्याआधी दुकानदाराकडून किंवा ॲपमध्ये बघून खात्री करा.

पण रात्रभर आवाज लागतोच का, हे एकदा तपासा. झोप लागेपर्यंतच लागत असेल तर टायमर लावा. आयफोनच्या घड्याळात टायमर संपल्यावर `Stop Playing` निवडता येतं, अँड्रॉइडवर बऱ्याच गाण्यांच्या ॲपमध्ये स्लीप टायमर असतो. पाऊस पंचेचाळीस मिनिटांनी थांबला तरी टिप प्लगसारखी काम करत राहते. मग सहा तासांचा बडही चालतो, कारण बंद आवाजात बॅटरी कमी उतरते, आणि काही बड्स तर काही वेळाने स्वतःच बंद होतात.

तुमच्यासाठी मी आणखी एक प्रयोग सुचवेन, तोही फुकटातला. तुम्ही कायम डाव्या कुशीवर असता. डावा कान उशीत दाबलेला, म्हणजे तो आधीच बराचसा झाकलेला. तेव्हा आठवडाभर फक्त उजव्या, वरच्या कानात बड घालून बघा. फोनच्या सुलभता सेटिंगमध्ये मोनो आवाज चालू करा म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज एका बडमध्ये येतो. दुखणारा कान मोकळा राहील आणि दुसरा बड केसमध्ये चार्ज होत राहील. जाग आली तर तो घाला, म्हणजे रात्र आरामात निघते. घरात लहान बाळ किंवा आजारी माणूस असेल तर मी नेहमी हाच मार्ग सांगते. झोपेत कूस बदलणाऱ्यांना मात्र तो जमत नाही.

मुंबईच्या दमट हवेत एक काळजी जास्तीची. कानातला मळ आपोआप हळूहळू बाहेर सरकत असतो. रोज आठ तास बूच लावलं की तो अडतो आणि आत ओल साठते. जून ते सप्टेंबर माझ्याकडे बुरशीचे कान घेऊन येणाऱ्यांची रांग लागते: आधी खाज, मग दडा, मग ओलं पांढरट किंवा काळे ठिपके असलेलं काहीतरी. म्हणून न्हाल्यावर कान कोरडे झाल्याशिवाय बड घालू नका, टिप रोज सकाळी कोरड्या कापडाने पुसा, आठवड्यातून एकदा बडवरून काढून साबणाच्या पाण्यात धुवून पूर्ण वाळवा, आणि आठवड्यातल्या एक-दोन रात्री कान मोकळे ठेवा. खाज आली म्हणून तेल घालायचं नाही. कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल किंवा कानाचं ऑपरेशन झालेलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रात्री काहीही घालू नका. मधुमेह असेल आणि कान दुखत असेल तर वाट बघत बसू नका.

हे सगळं करून बघितल्यावरही कार्ड डुगडुगत असेल तर चपटे बड्स घ्या, बॅटरी वरच्या हिशोबाने. कुठलेच बसत नसतील तर कानाचा साचा घेऊन मऊ सिलिकॉनचे प्लग करून मिळतात. माझ्यासारखे बरेच ऑडिओलॉजिस्ट ते करतात. महाग पडतात, पण वाटीत अगदी सपाट बसतात. ऐकण्याची तपासणी करून घ्यायची असेल तर वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे होते.

आणि बड घालण्याआधी दोन रात्री जाग्या राहून नवऱ्याचं घोरणं नीट ऐका. मध्येच श्वास थांबून, काही सेकंद पूर्ण शांतता आणि मग दचकून मोठ्याने श्वास, असं वारंवार होत असेल, किंवा दिवसा ते बसल्या जागी पेंगत असतील, तर त्यांची झोपेची तपासणी करायला हवी. ते फुप्फुसाचे किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर बघतात. ती आधी करा, बड्सची ऑर्डर नंतर. त्यांचा उपचार सुरू झाला तर कदाचित तुम्हाला फक्त गाड्यांचा आवाजच अडवायचा उरेल, आणि त्याला फोमचा प्लग पुरतो.